"जेवला नाहीस?" "हो." म्हणजे जेवला की नाही? नकारार्थी प्रश्नांच्या उत्तरांचा घोळ आणि त्यावर उपाय

समस्या अशी आहे. कोणीतरी इंग्रजीत विचारतं, "यू हॅवन्ट ईटन?" मराठी बोलणारा माणूस उत्तर देतो, "येस." त्याच्या मनात असतं, बरोबर आहे, मी खाल्लेलं नाही. विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र शिरतं, याने खाल्लंय. प्रश्न सोपा, उत्तर एका शब्दाचं, आणि दोघांनाही वाटतं की आपल्याला कळलं. त्यामुळे पुन्हा कोणी विचारत नाही आणि घोळ पुढे सरकतो.

ही चूक त्या क्षणी दिसत नाही. एखादा शब्द कळला नाही तर माणूस "काय म्हणालात?" म्हणतो, इथे तसं काही अडत नाही. बऱ्याच वेळाने कोणीतरी चिडून म्हणतं, "पण तुम्ही तर येस म्हणाला होतात!" आणि समोरचा तितक्याच खरेपणाने म्हणतो, "हो, मग? नाही असंच तर सांगितलं." असा वाद तुमच्याकडे वारंवार होत असेल, एकाच गोष्टीबद्दल दोनदा-तीनदा फोन करावा लागत असेल, किंवा भरून आलेल्या फॉर्मवर एकमेकांना छेद देणारी उत्तरं दिसत असतील, तर कोणाला भाषा येत नाही असं म्हणण्याआधी प्रश्नात "नाही" होतं का ते पाहा. बहुतेक वेळा असतं.

घोळ नेमका कुठे होतो

"तू जेवला नाहीस?" या प्रश्नाच्या पोटात एक विधान आहे: तू जेवला नाहीस. उत्तर देणाऱ्याला दोन गोष्टींकडे पाहून उत्तर देता येतं. एक, ते विधान बरोबर आहे का? दोन, प्रत्यक्षात जेवण झालं का? प्रश्न होकारार्थी असेल तर दोन्हीकडून उत्तर एकच येतं. "जेवलास?" ला "हो" म्हटलं की विधानही खरं आणि जेवणही झालेलं. प्रश्नात "नाही" शिरलं की या दोन वाटा फुटतात. जेवण झालेलं नसेल तर विधान खरं आहे, म्हणून पहिल्या वाटेने "हो". आणि जेवण झालेलं नाही, म्हणून दुसऱ्या वाटेने "नाही".

जपानी, कोरियन आणि चिनी मँडरिन पहिल्या वाटेने जातात. तिथे "हो" म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजी मुख्यतः दुसऱ्या वाटेने जाते. तिथे "येस" च्या मागे होकारार्थी वाक्य अपेक्षित असतं आणि "नो" च्या मागे नकारार्थी, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. "येस, आय हॅव" किंवा "नो, आय हॅवन्ट". समोरच्याशी आपण सहमत आहोत की नाही, हा मुद्दाच तिथे मागे पडतो.

मराठीचं काय? आपलं "हो" पहिल्या वाटेचं आहे. "जेवला नाहीस अजून?" "हो ना, वेळच मिळाला नाही." यात कोणालाही काही खटकत नाही. पण आपलं "नाही" जरा वेगळं आहे, आणि या घोळाचं मूळ समजून घ्यायचं तर तिथे थोडं थांबावं लागेल. मराठीत "नाही" हा फक्त उत्तराचा शब्द नाही, ते क्रियापदही आहे. मी जेवलो नाही, तू जेवला नाहीस, ते जेवले नाहीत. ते पुरुषाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे रूप बदलतं. म्हणून "जेवला नाहीस?" ला कोणी नुसतं "नाही" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ती "जेवलो नाही" या वाक्याची शेपूट वाटते. "तुझं म्हणणं चूक आहे" असा अर्थ त्यातून सहसा निघत नाही.

याचा परिणाम गमतीचा आहे. मराठीत या प्रश्नाला सुटं "हो" म्हणा किंवा सुटं "नाही", दोन्हींचा अर्थ बहुधा एकच: जेवण व्हायचंय. आणि ज्याचं जेवण झालेलं आहे तो? तो एका शब्दावर थांबतच नाही. तो म्हणतो, "जेवलो की!" किंवा "नाही नाही, जेवलो मघाशीच," किंवा "छे, केव्हाच जेवलो." नकारार्थी प्रश्नाला खोडून काढण्याचं काम मराठीत त्या "की" कडे आहे. जर्मनमध्ये याच कामाला "डोख" आहे, फ्रेंचमध्ये "सी" आहे. आपल्याकडे ते क्रियापदाला चिकटून येतं, म्हणजे क्रियापद आपोआप उच्चारलं जातं आणि शंकेला जागा राहत नाही. म्हणूनच दोन मराठी माणसांमध्ये हा घोळ फारसा होत नाही.

तो होतो भाषा बदलल्यावर. आपण "हो" च्या जागी "येस" बसवतो, कारण शब्दकोशात तसं आहे. पण शब्दासोबत त्याची वाट बदलत नाही. मराठी "हो" ची सहमती इंग्रजी "येस" मधून बाहेर पडते आणि ऐकणारा तिला "घडलं" असं वाचतो. दुसरीकडे "की" साठी इंग्रजीत सुटा शब्द नाही, म्हणून जेवलेला माणूस खोडून काढायला सुरुवातीला "नो" वापरतो: "नो, आय एट." इथे पहिला शब्द एक सांगतो आणि पुढचं वाक्य दुसरं.

मराठी शिकणाऱ्यांना याहून मोठा धक्का "नाही हो!" ऐकून बसतो. त्यांना वाटतं नाही आणि हो एकाच दमात. तिथला "हो" म्हणजे "अहो" मधला, समोरच्याला मान देणारा. होकाराशी त्याचा संबंध नाही. पण हे कोणी सांगेपर्यंत ते बिचारे दोन्ही अर्थ जुळवत बसतात.

इंग्रजीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता असं नाही. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत उत्तराचे चार शब्द होते. साध्या प्रश्नाला "ये" आणि "ने", आणि नकारार्थी प्रश्नाला "येस" आणि "नो". १५३२ मध्ये थॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना याच कारणासाठी फटकारलं होतं: "ने" हवं तिथे तुम्ही "नो" घातलंत. पुढे ती चौकट मोडली आणि रोजच्या बोलण्यात उरली ती नकारार्थी प्रश्नांची जोडी. आजच्या "येस" चा मूळ पेशाच "नाही म्हणतोस? आहे की!" हा होता, हे लक्षात घेतलं तर "यू हॅवन्ट ईटन?" ला नुसतं "येस" म्हटल्यावर इंग्रजी कान काय ऐकतो ते वेगळं सांगायला नको.

समोरचा कोणत्या वाटेने उत्तर देतोय हे कसं ओळखायचं

उत्तराचे दोन भाग ऐका: सुरुवातीचा शब्द आणि त्यामागचं वाक्य. दोघांची जात एकच असेल, म्हणजे "नो, आय हॅवन्ट" किंवा "येस, आय हॅव", तर तो इंग्रजी वाटेने चालला आहे. जात उलटी असेल, म्हणजे "येस, आय हॅवन्ट" किंवा "नो, आय हॅव", तर तो सहमतीच्या वाटेने चालला आहे. अशा उलट्या उत्तरात नेहमी मागचं वाक्य खरं धरायचं, पहिला शब्द नाही. शब्द सवयीने तोंडात येतो, वाक्य मात्र जुळवून म्हणावं लागतं.

खरी अडचण वाक्यच न येण्याची आहे. सुटं "येस", सुटं "हं", मान हलवणं. मान हलवल्याने काही सुटत नाही, कारण मानही त्याच वाटेने हलते. "हो" म्हणणारा जे मनात धरून "हो" म्हणतो, तेच धरून मान डोलावतो. लेखी संदेशात अंगठ्याची खूण आली तरी तेच. "काम झालं नाही ना अजून?" या संदेशाखाली उमटलेला अंगठा "बरोबर, झालं नाही" असाही वाचता येतो आणि "झालं, काळजी नको" असाही.

इथे एक मोह होतो, आणि तो टाळायला हवा. "हा मराठी बोलणारा आहे ना, मग याचं येस म्हणजे नो," असा मनातल्या मनात उलटा हिशेब करायचा नाही. दोन भाषांत वावरणारी माणसं दोन्ही वाटा वापरतात. दिवसभर इंग्रजीत काम करणारा माणूस कामाच्या फोनवर "नो, नॉट येट" म्हणेल आणि तासाभराने थकलेला असताना "येस, येस, नॉट येट" म्हणेल. मराठीत बोलतानाही अनेकांच्या तोंडी आता इंग्रजी वळणाची उत्तरं येतात. शिवाय इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे तेही "यू डिडन्ट ईट?" अशा सपाट, शेवटी सूर चढवलेल्या प्रश्नाला कधीकधी "या" म्हणून दुजोरा देतात. सुट्या शब्दावरून अंदाज बांधून उलटवणं म्हणजे नाणं फेकणं.

एक प्रसंग, पायरीपायरीने

समजा, ठरवून करायची एक शस्त्रक्रिया आहे, वेळ सकाळी १० ची. रुग्ण मराठी बोलणारे, वयस्कर, कामापुरतं इंग्रजी जाणणारे. नर्सला मराठी येत नाही. भूल देण्याआधी पोट रिकामं हवं, कारण भुलेमध्ये गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारण नियम असा की हलक्या खाण्यानंतर किमान ६ तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर किमान २ तास जायला हवेत. दूध पातळ असलं तरी ते खाण्यात मोजतात. तळलेलं किंवा जड जेवण झालं असेल तर ६ तासांहून जास्त लागतात.

नर्स विचारते, "यू हॅवन्ट ईटन एनिथिंग दिस मॉर्निंग?"

इथून चार शक्यता निघतात. रुग्णाने खाल्लेलं नाही आणि ते म्हणाले "नो": नर्सने बरोबर ऐकलं. खाल्लेलं नाही आणि ते म्हणाले "येस": नर्सला वाटलं खाल्लंय. आता शस्त्रक्रिया विनाकारण पुढे ढकलली जाईल, उपाशी माणूस आणखी काही तास उपाशी राहील. त्रास आहे, पण जिवाला धोका नाही. खाल्लंय आणि ते म्हणाले "येस": नर्सने बरोबर ऐकलं. चौथी शक्यता वाईट आहे. खाल्लंय, आणि नर्सचं म्हणणं खोडून काढायला ते म्हणाले, "नो, नो..." पुढचं "आय एट" हळू आवाजात होतं, किंवा त्याच वेळी कोणीतरी हाक मारली, किंवा नर्सने "नो" ऐकल्याबरोबर खूण करून पुढचा प्रश्न घेतला. कागदावर नोंद झाली: खाल्लेलं नाही.

या चौथ्या शक्यतेचा धोका असा की चूक सगळ्यांना हव्या असलेल्या दिशेने होते. नर्सला "नो" च अपेक्षित होतं. नकारार्थी प्रश्न बहुधा तेव्हाच विचारला जातो जेव्हा विचारणाऱ्याने उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं, आणि गृहीत धरलेलं उत्तर आलं की माणूस पुढचं ऐकत नाही.

आता हीच नर्स शंका आल्यावर काय करते ते पाहा. ती विचारते, "सो, यू डिडन्ट ईट?" हा तोच प्रश्न आहे, नुसता शब्द बदलून. रुग्ण पुन्हा तेच एकाक्षरी उत्तर देतात. मग ती म्हणते, "येस ऑर नो?" रुग्ण आता गोंधळतात, कारण त्यांना कळत नाही की आपलं काय चुकलं, आणि ते आधीच्या उत्तराच्या उलट उत्तर देऊन टाकतात. वहीवर दोन विरुद्ध नोंदी आणि खरं काय ते कोणालाच माहीत नाही. नकारार्थी प्रश्नाची खात्री दुसऱ्या नकारार्थी प्रश्नाने होत नाही, आणि "आर यू शुअर?" हा प्रश्न तर आणखी वाईट, कारण त्याचं "येस" नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दल आहे तेही कळत नाही.

सुटका अशी होते. नर्स इंग्रजीतच विचारते, "शेवटचं काय खाल्लंत किंवा प्यायलात, आणि किती वाजता?" या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" ने देताच येत नाही. रुग्ण म्हणतात, "रात्री ९ ला जेवलो. सकाळी ७ ला चहा घेतला, दूध घातलेला." एका उत्तरात सगळं आलं, आणि असं काही आलं जे पहिल्या प्रश्नाच्या कितीही अचूक उत्तरातून आलं नसतं. कारण त्यांनी खरोखरच काही "खाल्लं" नव्हतं, चहा तर "प्यायला" होता. "नाही, खाल्लं नाही" हे त्यांचं उत्तर शब्दशः खरं ठरलं असतं आणि दुधाचा चहा तरीही पोटात राहिला असता. ७ ते १० म्हणजे ३ तास. आता थांबायचं की नाही ते भूलतज्ज्ञ ठरवतील, पण ठरवायला त्यांच्यासमोर वेळ आणि पदार्थ आहे.

विचारणाऱ्याने काय करायचं

वरच्या प्रसंगात उपाय दिसलाच. शक्य असेल तिथे वेळ, संख्या, नाव किंवा जागा विचारा. "फाइल पाठवली नाहीस?" ऐवजी "फाइल कधी पाठवलीस?" यात थोडं गृहीतक आहे, पण ते चुकलं तर समोरचा लगेच "अजून पाठवली नाही" असं पूर्ण वाक्य म्हणतो, कारण "कधी" ला "नाही" एवढंच उत्तर देणं अडचणीचं असतं.

हो-नाही प्रश्नच हवा असेल तर होकारार्थी विचारा. "पाठवलीस का?" एवढं पुरतं. सवयीने नकार तोंडातून निघून गेला आणि समोरून सुटं "येस" आलं, तर उलट प्रश्न करण्याऐवजी आपणच दोन पूर्ण वाक्यं समोर ठेवा: "म्हणजे फाइल गेली आहे, की अजून जायची आहे?" दोन्ही पर्यायांत वेगळं क्रियापद वापरलं की उत्तरातही क्रियापदच येतं. "गेली की नाही गेली?" हेही चालतं, पण घाईत ऐकणाऱ्याला त्यातलं "नाही" तेवढं पोहोचतं आणि तो पुन्हा मान डोलावतो.

शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नांकडे लक्ष द्या. "यू डिडन्ट ईट, राइट?" ला "राइट" आलं तर ती सहमती आहे, स्पष्ट आहे. पण "यू डिडन्ट ईट, डिड यू?" ला "येस" आलं तर आपण पुन्हा मूळपदावर. मराठीतला "ना" याच जातीचा: "जेवला नाहीस ना?" इथे विचारणारा नकाराचा दुजोरा मागतोय, आणि "हो" हा दुजोराच असतो. मराठी कानाला तो स्वच्छ ऐकू येतो, म्हणूनच मराठी माणूस "राइट?" वाल्या प्रश्नात सुखरूप असतो आणि "डिड यू?" मध्ये घसरतो.

नकार नसतानाही नकारासारखे वागणारे प्रश्न असतात, त्यांच्याबद्दल एवढंच की "डू यू माइंड?" ला "येस, येस, प्लीज" म्हटलं तर शब्दशः अर्थ "हो, माझी हरकत आहे" असा होतो. हसरा चेहरा पाहून लोक समजून घेतात. फोनवर चेहरा नसतो. "गो अहेड" म्हणा, प्रश्न मिटला.

उत्तर देणाऱ्याने काय करायचं

समोरचा कसं विचारेल ते आपल्या हातात नसतं. पण उत्तर आपल्या हातात आहे, आणि तिथे एकच सवय पुरते: "येस" आणि "नो" गाळा, क्रियापदाने सुरुवात करा. "यू हॅवन्ट सेंट इट?" ला "नॉट येट" किंवा "आय हॅव सेंट इट." पहिला शब्दच गाळला की तो चुकीचा ऐकला जाण्याची भीती नाही. हे कृत्रिम वाटत असेल तर लक्षात घ्या की कित्येक भाषा असंच बोलतात. आयरिशमध्ये हो-नाहीला सुटे शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद परत म्हणायचं, होकारी किंवा नकारी. लॅटिनमध्येही नुसता होकार देण्याचा हा नेहमीचा मार्ग होता. आणि मराठीत "आलास?" "आलो." "मिळालं?" "मिळालं." हे आपण दिवसभर करतोच. इंग्रजीत बोलताना मात्र आपली ही चांगली सवय आपण सोडतो आणि "येस" ला धरून बसतो.

पहिला शब्द तोंडातून गेलाच असेल तर घाबरून तो बदलू नका. "येस... नो, नो, आय मीन येस" या माळेतून समोरच्याला काही मिळत नाही. जो गेला तो जाऊ द्या, लगेच पूर्ण वाक्य म्हणा आणि ते शेवटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा. "नो, आय एट" मध्ये "एट" ला जोर हवा.

मध्ये दुभाषी असेल तर

दुभाष्याचं काम इथे वाटतं त्याहून कठीण असतं. समोरून मराठीत "हो" आलं. ते "येस" म्हणून पुढे दिलं तर शब्द बरोबर आणि अर्थ उलटा. "नो" म्हणून दिलं तर अर्थ बहुधा बरोबर, पण आपण माणसाच्या तोंडात त्याने न उच्चारलेला शब्द घातला, आणि जबानी नोंदवणाऱ्या ठिकाणी ते गैर. शब्द न देता वाक्य द्यायचं, "ही हॅजन्ट ईटन", हा मार्ग रोजच्या कामात चालतो. पण त्यासाठी दुभाष्याला अर्थाची खात्री हवी. ती नसेल तर अंदाजाने पुढे न जाता, "उत्तराचे दोन अर्थ निघतात, मी स्पष्ट करून घेऊ का?" असं आधी प्रश्न विचारणाऱ्याला सांगायचं आणि मग पुन्हा विचारायचं. परस्पर चार वाक्यं बोलून एक "नो" पुढे दिलं तर दोन्ही बाजूंना संशय येतो, आणि तो योग्यच असतो.

घरच्या माणसांना दुभाषी करताना आणखी एक गोष्ट होते. मुलगी आईला "खाल्लं नाहीस ना?" असं विचारते, कारण तिला स्वतःलाच "नाही" हे उत्तर हवं असतं. डॉक्टरांनी सरळ विचारलेला प्रश्न तिच्या तोंडून नकारार्थी होऊन पोहोचतो. त्यामुळे प्रश्न देणाऱ्याने तो सुट्या माहितीचा ठेवावा. "किती वाजता" चं नकारार्थी रूप करणं जवळजवळ अशक्य असतं.

फॉर्म आणि पडदे

लेखी प्रश्नात आवाज नाही, चेहरा नाही, पुन्हा विचारायची सोय नाही. "मला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही: हो / नाही" अशी ओळ असेल तर "नाही" वर खूण करणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात: ॲलर्जी नसलेले आणि ॲलर्जी असलेले. नंतर कितीही आकडेमोड केली तरी ते वेगळे करता येत नाहीत. अशी जमलेली माहिती दुरुस्त होत नाही, ती पुन्हा विचारावी लागते. प्रश्न "कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे?" असा ठेवा, रिकामी जागा द्या आणि शेजारी "एकाही औषधाची ॲलर्जी नाही" असा वेगळा चौकोन ठेवा. म्हणजे कोरी जागा आणि "नाही" यांतही फरक राहतो.

संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्यांचं दुखणं तेच. "बदल जतन करायचे नाहीत?" याखाली "हो" आणि "नाही" ही बटणं आली की माणूस क्षणभर थबकतो, आणि घाईतला माणूस थबकतही नाही. बटणावरच क्रिया लिहिली, `Save` आणि `Don't Save`, तर वरचा प्रश्न न वाचताही हात योग्य जागी जातो. मराठीत ही बटणं करताना अनेकदा मूळ इंग्रजी बटण चांगलं असतं आणि भाषांतरात ते पुन्हा "हो / नाही" होतं. जागा कमी असते हे कारण खरं असलं तरी "जतन करा" आणि "करू नका" एवढं बहुतेक बटणांवर मावतं.

चालू फॉर्म तपासायचा असेल तर त्यातला प्रत्येक प्रश्न वेगळा काढा, त्यात "नाही", "न", "शिवाय", "टाळणे", "नकार" यांपैकी काही आहे का ते पाहा, आणि असेल तर दोन-तीन जणांना त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" न वापरता तोंडी सांगायला लावा. त्यांनी कागदावर केलेली खूण आणि तोंडी सांगितलेलं वाक्य जुळलं नाही, तर तो प्रश्न बदलावा लागेल.